वेताळ टेकडी मधे येते, हिशोबाने २३ डीबी लॉस, पण प्रत्यक्षात आवाज फुटतोय. कुठे चुकतंय?

टेकडीअलीकडचा

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहतो, मामेभाऊ पाषाणला. दोघांनीही मागच्या वर्षी हॅमचं लायसन काढलं, दोघांकडे ५ वॅटचे हँडहेल्ड आहेत, साधे रबरी अँटेनावाले. सरळ अंतर जेमतेम ४ किलोमीटर पण मधे वेताळ टेकडी. १४५ मेगाहर्ट्झवर सिम्प्लेक्स बोलायचा प्रयत्न करतोय, मी गॅलरीत उभा असतो आणि तो त्याच्या खोलीत. ऐकू येतं म्हणजे काय, नुसती खरखर आणि त्यात मधूनच एखादा शब्द.

मी जरा वाचून नाइफ एजचा हिशोब करून पाहिला. उंचीच्या नकाशावरून आमच्या दोघांमधल्या सरळ रेषेवरचा काप काढला. माझी अँटेना समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर धरली, त्याची ५९०, आणि आमच्या रेषेत टेकडीचा माथा ७०० मीटरवर येतो (टेकडीचं सगळ्यात उंच टोक याहून वर आहे पण ते आमच्या रेषेत नाही). माथा माझ्यापासून दीड किलोमीटर, त्याच्यापासून अडीच. आमच्या दोघांच्या अँटेना जोडणारी रेषा माथ्याच्या जागी ५९६ मीटरवरून जाते म्हणजे टेकडी रेषेच्या १०४ मीटर वर आलीये. हे आकडे खाली टाकले:

```python
from math import sqrt, log10

def loss(h, d1, d2, f):
    lam = 300 / f
    v = h * sqrt(2 * (d1 + d2) / (lam * d1 * d2))
    if v < -0.78:
        return 0
    return 6.9 + 20 * log10(sqrt((v - 0.1)**2 + 1) + v - 0.1)

print(loss(104, 1500, 2500, 145))
```

अंतरं आणि उंची मीटरमधे, फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमधे. v, म्हणजे टेकडी रेषेच्या किती आड येते त्याचं माप, आला ३.३ च्या आसपास आणि लॉस २३.३ डीबी. मोकळ्या हवेतला ४ किलोमीटरचा लॉस ८७.७. म्हणजे एकूण १११. ५ वॅट म्हणजे ३७ डीबीएम, दोन्ही रबरी अँटेनांचे प्रत्येकी उणे ६ धरले, तर पलीकडे उणे ८६ डीबीएम पोचायला पाहिजे. हँडहेल्डला उणे ११९ पुरतात. म्हणजे ३३ डीबी शिल्लक राहून आवाज कसा खणखणीत यायला हवा! मग ते ३३ डीबी गेले कुठे? माझं गणित चुकतंय का टेकडीच काहीतरी वेगळं करतेय?

---

गणोबा

भाऊ गणित कशाला, व्हीएचएफला लाइन ऑफ साइट लागते म्हणजे लागतेच. टेकडी आली की विषय संपला. रेषेला टेकडी नुसती टेकली तरी अर्धा सिग्नल जातो म्हणजे ३ डीबी, आणि १०४ मीटर आत म्हणजे काहीच उरत नाही. माझं ऐक, टेकडीपासून जितका लांब जाशील तितकं बरं, मागे वारज्याकडे जाऊन बघ.

---

तारायंत्र काका

गणोबा, टेकलेल्या रेषेला ३ नाही, ६ डीबी जातात. हे एकदा नीट डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. माथा बरोबर रेषेवर आला की लाटेचा खालचा अर्धा भाग अडतो. पलीकडे जो पोचतो तो वरच्या अर्ध्याचा परिणाम, म्हणजे विद्युत क्षेत्र अर्धं होतं. आता पॉवर ही क्षेत्राच्या वर्गावर जाते, अर्ध्याचा वर्ग पाव. पाव म्हणजे ६ डीबी. तुम्ही पॉवरच अर्धी केलीत, तिथे गफलत झाली.

आणि "विषय संपला" हे तर अजिबातच नाही. मी नोकरीची बरीच वर्षं वायरलेसमधे काढली, डोंगराआडची ठाणी व्हीएचएफवर रोज बोलायची. माथ्यावरून जी लाट जाते तिचा काही भाग पलीकडच्या सावलीत उतरतोच, सावली काळीकुट्ट नसते. किती काळी हे त्या v वरून कळतं. v शून्य असताना ६, एक असताना १४, आणि पुढे v दुप्पट झाला की फक्त ६ डीबी वाढतात. म्हणजे लॉस सुरुवातीला भरभर चढतो आणि मग संथ होतो. धागाकर्त्याचा v ३.३ आहे तर २३ हा आकडा सूत्राप्रमाणे अगदी बरोबर आहे. तीच जागा ४३५ मेगाहर्ट्झवर घेतली तर v ५.८ होऊन २८ येतील. गणित चुकलेलं नाही. टेकडीला सुरीची धार समजलात, ते मात्र तपासायला हवं.

---

पिहू_दापोली

मला यातलं फार कळत नाही पण वाचायला मजा येतेय. नाइफ एज म्हणजे टेकडीच्या कड्यावर पत्र्याची पट्टी वगैरे काही बसवतात का सिग्नल वाकवायला? आमच्याकडे डोंगरामागे मोबाईलला अजिबात रेंज नसते, तिथे तसं करता येईल का?

---

टेकडीअलीकडचा

नाही ओ पिहूताई, बसवत काही नाहीत. गणित सोपं जावं म्हणून पूर्ण टेकडीच्या जागी एक पातळ उभा पडदा आहे असं समजायचं, ज्याची वरची कड सुरीसारखी. म्हणून ते नाव.

---

तारायंत्र काका

पिहू, तुझ्या प्रश्नातला अर्धा भाग मात्र खरोखर करतात. जुन्या मायक्रोवेव्ह लिंकमधे डोंगरावर मोठाले सपाट पत्र्याचे फलक उभे करून सिग्नल वळवायचे, वीज नाही, यंत्र नाही, नुसता आरसा. पण तो आरसा असतो, त्याचा कडेवरून वाकण्याशी संबंध नाही, आणि दोन्हीकडची ठिकाणं त्याला दिसावी लागतात. मोबाईलला रेंज हवी तर टॉवरचीच जागा बघावी लागते.

---

सरिता_आर_एफ

मी नेटवर्क प्लॅनिंगमधे काम करते, असे काप रोज बघते, म्हणून थोडं लिहिते. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की वर चढलं की सपाट पठार लागतं. आपल्याकडच्या बेसाल्टच्या टेकड्या अशाच, बाजूला उतार आणि वर टेबल. सुरीची धार कुठेच नाही. लाट पहिल्या कडेवरून वाकते, पठारावरून जाते आणि दुसऱ्या कडेवरून परत वाकते. दोनदा वाकली म्हणजे दोनदा लॉस. तुझ्या कापात माथ्याची रुंदी किती आहे ते सांग ना. एकच आकडा ७०० मीटर घेतलास, पण तो किती अंतरभर ७०० आहे?

---

टेकडीअलीकडचा

ताई आत्ता परत बघितलं. माझ्यापासून १३०० मीटरला चढ संपतो आणि १७०० ला पलीकडचा उतार सुरू होतो, मधे ४०० मीटर जवळपास सपाट, ५-६ मीटरचा चढउतार आहे फक्त. मी मधला बिंदू धरून दीड किलोमीटर घेतलं होतं.

---

सरिता_आर_एफ

हां, मग हे बघ. दोन कडा धरायच्या, दोन्ही ७०० वर. युक्ती अशी की पहिल्या कडेचा लॉस काढताना पलीकडचं टोक म्हणजे मामेभाऊ नाही, पलीकडचं टोक म्हणजे दुसरी कड. तुझ्या अँटेनापासून (६००) दुसऱ्या कडेपर्यंत (७००) रेषा ओढली तर ती १३०० मीटरला ६७६.५ वरून जाते, म्हणजे पहिली कड तिच्या २३.५ मीटर वर. अंतरं १३०० आणि ४००. तुझ्याच कोडमधे टाक, साधारण १६ डीबी येतील.

मग दुसरी कड. आता अलीकडचं टोक पहिली कड आणि पलीकडचं मामेभाऊ. तिथली रेषा ६८३.७ वरून जाते, म्हणजे कड १६.३ मीटर वर, अंतरं ४०० आणि २३००. इथे १३. बेरीज २९. याला एपस्टाइन-पीटरसन पद्धत म्हणतात. कडा एकमेकींच्या इतक्या जवळ असल्या की ही बेरीज कमी पडते, त्यासाठी एक दुरुस्ती आहे, तुझ्या अंतरांना ती साडेचार डीबीच्या आसपास येते. ती दुरुस्ती खरं तर दोन्ही लॉस १५ च्या वर असतील तेव्हासाठी आहे आणि तुझा एक १३ आहे, म्हणून मी ठाम एक आकडा न देता २९ ते ३३ म्हणेन.

म्हणजे तुझ्या २३ च्या जागी ६ ते १० डीबी जास्त, आणि हे फक्त टेकडी टेबलासारखी आहे एवढ्यामुळे. एका धारेचा हिशोब नेहमी "निदान एवढा तरी जाईलच" असा वाचायचा. खरी टेकडी गोल असो का सपाट, धारेपेक्षा जास्तच खाते.

पण यानेही तुझे ३३ संपत नाहीत. ३३ मधले ६ ते १० गेले, बाकीचे तू आणि मामेभाऊ जिथे उभे आहात तिथे गेलेत असा माझा अंदाज आहे. तुझी गॅलरी कुठल्या दिशेला आहे?

---

गणोबा

काका ६ डीबीचं पटलं, वर्गाचं लक्षात नव्हतं. पण मागे सरकण्याचं मी चुकीचं म्हणालो का? जवळ असलं की टेकडी जास्त डोक्यावर येते, लाटेला जास्त वाकायला लागतं, हे तर खरं ना.

---

तारायंत्र काका

कोन कमी होतो हे खरं आहे, पण त्यातून मिळतं किती ते मोजून बघा. समजा धागाकर्ता दीड किलोमीटरवरून तीन किलोमीटरवर गेला, जमिनीची उंची तीच धरू. v ३.३ वरून २.८ होतो आणि लॉस २३.३ वरून २१.८. म्हणजे दीड डीबी वाचले. पण एकूण अंतर ४ चं साडेपाच झालं, त्याचे पावणेतीन डीबी वाढले. म्हणजे सव्वा डीबी खड्ड्यातच गेलो.

मागे गेल्याने प्रत्यक्षात लोकांना फायदा होतो हे मीही पाहिलंय, त्याचं कारण बरेचदा वेगळं असतं. टेकडीच्या पायथ्याला दाट घरं असतात आणि मागे एखादा मोकळा माळ मिळतो जिथून माथ्याची कड डोळ्यांना दिसते. ती कड डोळ्याला दिसणं फार महत्त्वाचं. पलीकडचा माणूस दिसत नाही ते ठीक, पण ज्या कडेवरून लाट उतरणार ती तरी तुमच्या अँटेनाला दिसली पाहिजे.

---

बागायतदार_संगमनेर

राम राम. विषय निघालाच आहे तर माझंही सांगतो. विहीर घरापासून १२०० मीटर, मोटर चालू बंद करायला आणि लाइट आली का बघायला ८६५ मेगाहर्ट्झचे लोराचे दोन बोर्ड बसवले. मधे एक मुरमाड उंचवटा आहे, विहिरीपासून २०० मीटरवर, आणि तो साधारण ८ मीटर आडवा येतो असं लेव्हल लावून काढलंय. दिवसातून चार वेळा निरोप पोचतो आणि बाकी वेळ नाही. घरावर आधीच २० फुटी पाइप आहे, अजून २० फूट चढवू का? वेल्डिंगवाला उद्या येणार आहे.

---

सरिता_आर_एफ

दादा वेल्डिंगवाल्याला जरा थांबवा. तुमच्याकडे h ८ मीटर, अंतरं १००० आणि २००. v दीड येतो, लॉस साधारण १६.७.

आता घराच्या बाजूला २० फूट म्हणजे ६ मीटर चढवलेत तर उंचवट्याच्या जागी रेषा किती उचलली जाईल? उंचवटा घरापासून फार लांब आहे, म्हणून फक्त १ मीटर. लॉस १६.७ चा १५.७ होईल, एवढ्या पाइपाचा एक डीबी. तोच ६ मीटरचा पाइप विहिरीवर लावलात तर तिथे रेषा ५ मीटर वर जाते, आड येणारे ८ चे ३ मीटर उरतात आणि लॉस पावणेअकरावर येतो. सहा डीबी मिळाले. अडथळा ज्या टोकाच्या जवळ आहे त्या टोकाची अँटेना उचलायची, दुसऱ्या टोकाला घाम गाळून उपयोग नाही.

पण मला शंका वेगळीच आहे. मोकळ्या हवेतला तुमचा लॉस ९३ आणि हे १७ मिळून ११०. लोराला एवढं काहीच नाही, अजून वीस डीबी गेले तरी चालायला हवं. मग निरोप चुकतात का? विहिरीवरची अँटेना नक्की कुठे आहे?

---

बागायतदार_संगमनेर

विहिरीवर स्टार्टरच्या पेटीतच बसवलाय बोर्ड, पावसापाण्याचं नको म्हणून. अँटेना छोटी आहे ती पण आतच. पेटी लोखंडी आहे. जे चार वेळा पोचतं ते मी पेटी उघडून बघत असताना असेल का?

---

सरिता_आर_एफ

बहुतेक तेच असेल दादा. लोखंडी पेटी बंद केली की फटीतून जेवढं बाहेर पडेल तेवढंच. बोर्ड राहू द्या आत, पण अँटेना केबलने बाहेर काढा, पेटीवर एक मीटर का होईना पण लोखंडापासून मोकळी, केबल लांबवू नका आणि भोकात पाणी जाणार नाही असा ग्लँड लावा. टेकाडाचा विचार त्यानंतर.

---

टेकडीअलीकडचा

सरिताताई, गॅलरी टेकडीकडे तोंड करून नाहीये, बरोबर उलट बाजूला आहे, म्हणजे पूर्ण बिल्डिंग मधे येतेय. मामेभाऊ दुसऱ्या मजल्यावर आणि त्याच्या खिडकीसमोर सात मजली सोसायटी. हे मी हिशोबात धरलंच नव्हतं, मी नुसता टेकडीचाच विचार करत बसलो.

रविवारी दोघेही आपापल्या गच्चीवर जाऊन बघतो. काका, किती सिग्नल येतोय ते मोजायचं कसं? हँडहेल्डवरची पट्टी एकतर पूर्ण असते नाहीतर रिकामी.

---

तारायंत्र काका

त्या पट्टीवर अजिबात जाऊ नका. अटेन्युएटरचे पॅड मिळतात का बघा, ३, ६, १०, २० डीबीचे, चौकात इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे मिळतील किंवा मागवा. अँटेना आणि रेडिओच्या मधे लावायचे. भाऊ सतत बोलत राहू दे आणि तुम्ही एकेक पॅड वाढवत जा, ज्या आकड्याला आवाज फुटायला लागतो तेवढी तुमची शिल्लक. पण लक्षात ठेवा, पॅड लावलेल्या रेडिओवरून चुकूनही प्रेस करायचं नाही, छोटे पॅड ५ वॅटमधे जळतात. पीटीटीच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाका.

आणि खांबाबद्दल आधीच सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. तुमच्या जागी १० मीटरचा खांब उभा केलात तरी टेकडीच्या लॉसमधे अर्धा डीबी फरक पडेल. संगमनेरच्या दादांचा v लहान आहे, तिथे मीटर मीटरला किंमत आहे, तुम्ही सावलीत फार खोल आहात. तुमच्यासाठी उंचीचा उपयोग एकच, शेजारच्या टाक्या आणि बिल्डिंगा ओलांडून टेकडीची कड दिसणं. ती दिसली की त्याच्यावर खर्च करू नका.

---

गणोबा

पठारावर झाडी पण खूप वाढलीये, गिरिपुष्प सगळीकडे. त्याचा काही फरक?

---

सरिता_आर_एफ

१४५ ला पानांमुळे फार जात नाही, लाट दोन मीटरची आहे. पण झाडोरा दाट असला तर माथा ७०० च्या जागी ४-५ मीटर वर गेल्यासारखा धरायला हरकत नाही. १०४ चे १०९ झाले तर अर्धा डीबीसुद्धा वाढत नाही. ८६५ किंवा त्याच्या वर गेलात तर मग झाडांचा वेगळा विचार करावा लागेल.

---

टेकडीअलीकडचा

रविवारचा रिपोर्ट, जरा मोठा आहे.

मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या बाजूला ३ मीटरच्या पाइपवर घरी केलेली ग्राउंड प्लेन लावली, खाली केबल. अँटेनाचे अधिक २ आणि केबलचा उणे १ धरला. भाऊ त्याच्या गच्चीवर हँडहेल्ड हातात धरून, रबरी अँटेनाच. माझ्या गच्चीवरून टेकडीची कड स्वच्छ दिसते, त्याला पण दिसते. पहिल्याच हाकेला आवाज इतका साफ आला की आम्ही दोघेही जरा वेळ नुसतेच हॅलो हॅलो करत बसलो. त्याच्या मागे कोकिळा ओरडत होती ती पण ऐकू आली.

मग पॅड. एका धारेच्या हिशोबाने इथे उणे ७९ यायला हवे होते, म्हणजे ४० डीबी शिल्लक. २० लावला, साफ. २० आणि ६, जरा खरखर पण सगळं कळतंय. वर ३ लावला की शब्द तुटायला लागले. म्हणजे शिल्लक २७ च्या आसपास आणि माझ्या हिशोबापेक्षा १३ डीबी कमी. म्हणजे टेकडीचे २३ नाहीत, जवळपास ३६.

घरून बोलताना ३३ हरवले होते, त्यातले हे १३ टेकडीचे, आणि उरलेले २० गॅलरी, खोली आणि सोसायट्यांनी खाल्ले. सरिताताईंचा अंदाज बरोबर निघाला.

खांब ३ चा ६ मीटर करून बघितला, काही फरक नाही. काका म्हणाले तसंच.

---

सरिता_आर_एफ

छान मोजलंस. ३६ आणि माझे २९ ते ३३ यात ३ ते ७ डीबी राहतात. त्यातले काही तुझ्या धरलेल्या आकड्यांमधले असणार. हँडहेल्डची रबरी अँटेना उणे ६ हा अंदाजच आहे, हातात आणि शरीराजवळ धरली की उणे १० पण होते. बॅटरी उतरली असेल तर ५ वॅटचे ५ नसतात. पुढच्या वेळी भावाकडेही तशीच ग्राउंड प्लेन लाव, म्हणजे तो अंदाज हिशोबातून जाईल.

---

गणोबा

का कडा अजून गोलसर आहेत आणि दोनच्या जागी तीन धरायला पाहिजेत? पठार अगदी सपाट नाही म्हणालास ना, ५-६ मीटरचा चढउतार आहे.

---

सरिता_आर_एफ

हा मुद्दा चांगला आहे गणोबा. कडा गोल असल्या तर जास्तीचे काही डीबी जातातच. पण मधला चढ तिसरी कड म्हणून घेतला तर बेरजेची ही पद्धत जरुरीपेक्षा जास्त लॉस दाखवायला लागते, रेषेला जेमतेम टेकणारी प्रत्येक कड मोजत गेलो की आकडा फुगतो. मी तिथे दोनवरच थांबेन. तारायंत्र काकांचं मत वेगळं असू शकेल.

---

तारायंत्र काका

वेगळं आहे थोडं. आम्ही अशा टेकडीला सगळ्यात वाईट कड एक धरून तिचा पूर्ण लॉस घ्यायचो आणि दुसरीचा त्यात मिळवायचो, तिला डेगू पद्धत म्हणतात. पठाराला दोन्ही पद्धती चारपाच डीबीने इकडेतिकडे होतात, कोणती बरोबर हे जागेवर जाऊनच कळतं. मला मात्र अजून एक शंका आहे. तुम्ही जे ऐकलंत ते सगळं टेकडीवरूनच आलं हे कशावरून? पुण्यात आता पश्चिमेला एवढे उंच टॉवर झालेत की बाजूने परावर्तन होऊनही सिग्नल येऊ शकतो. लोखंडी मापपट्टीची तीन एलिमेंटची यागी बनवा, तासाभराचं काम आहे, आणि सावकाश गोल फिरवा. पॅड लावून फिरवा म्हणजे फरक कळेल.

---

टेकडीअलीकडचा

काका यागी केली. पीव्हीसीचा पाइप आणि जुनी मापपट्टी, सोल्डर धरायला पट्टीवरचा पिवळा रंग घासून काढावा लागला. २६ डीबीचे पॅड लावून फिरवली. टेकडीकडे तोंड केलं की आवाज साफ, बाजूला ३० अंश गेलं तरी साफ, मग हळूहळू तुटतो. पण चांदणी चौकाच्या अंगाला वळवली की परत उठतो, टेकडीकडे येतो तेवढा नाही पण शब्द कळतात. आणि त्या दिशेला असताना मी अर्धा मीटर डावीकडे सरकलो की नाहीसा होतो, परत अर्धा मीटर सरकलो की येतो. टेकडीच्या दिशेला असं होत नाही.

---

तारायंत्र काका

अर्धा अर्धा मीटर म्हणजे पाव तरंगलांबी, पाव तरंगलांबी. दोन वाटांनी आलेल्या लाटा एकमेकींना मारतायत आणि पुन्हा जुळतायत. म्हणजे दुसरी वाट नक्की आहे. ग्राउंड प्लेनवर तुम्ही मोजलंत ते दोन्ही वाटांचं मिळून होतं, त्यामुळे टेकडीचा खरा लॉस ३६ पेक्षा थोडा जास्त किंवा थोडा कमीही असू शकतो, त्या जागी लाटा जुळत होत्या का मारत होत्या त्यावर. पाइप गच्चीवर चार-पाच जागी हलवून प्रत्येक ठिकाणी पॅडचा आकडा लिहा आणि मधला आकडा घ्या.

---

बागायतदार_संगमनेर

अँटेना पेटीबाहेर काढली काल. पेटी बंद करून सकाळपासून एकही निरोप चुकला नाही. वेल्डिंगवाल्याला गोठ्याचं दार दिलं. ताईंचे आभार. आता दुसऱ्या विहिरीसाठी विचारतो, ती उंचवट्याच्या अगदी पोटात आहे, ४० मीटरवर, आणि तिथे १२ मीटर आडवं येतंय.

---

सरिता_आर_एफ

दादा तिचं घरापासून एकूण अंतर किती? तेवढं सांगा, आणि विहिरीवर किती उंच पाइप उभा करता येईल तेही. ४० मीटरवर असेल तर विहिरीवरच्या पाइपाचा प्रत्येक मीटर जवळपास पूर्णच्या पूर्ण कामाला येईल.

---

टेकडीअलीकडचा

काका पाच जागांचं येत्या रविवारी करतो, भावाकडे पण ग्राउंड प्लेन बसवतोय. आकडे इथेच टाकेन. सगळ्यांना शुभेच्छा, ७३.